पाळीआधी हनुवटीवर उठणारे पिंपल्स: हार्मोनची तपासणी कधी करायची आणि कधी नाही

पाळीला आठवडा उरला की माझ्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी उठायच्या. त्यांना तोंड नसायचं, बोट फिरवलं की आत खोलवर लागायच्या. पाळी सुरू झाली की हळूहळू बसायच्या आणि मागे तपकिरी डाग सोडून जायच्या. घरात सगळा दोष तांबड्या रश्श्यावर जायचा. पण तांबडा रस्सा आमच्याकडे महिनाभर असतो आणि गाठी मात्र ठरावीक आठवड्यातच यायच्या. दुधाचा पिंपल्सशी थोडाफार संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, तिखटाबद्दल तसा ठोस पुरावा नाही. आणि खाण्याने त्रास होत असेल तर तो पाळीची तारीख बघून येत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या स्किनच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मलम लिहून दिलं, पण रक्त तपासायला सांगितलं नाही. त्याऐवजी रोज एक नोंद ठेवायला सांगितली. रक्तस्रावाचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. रोज सकाळी एकाच खिडकीच्या उजेडात फक्त नव्याने आलेल्या दुखऱ्या गाठी मोजायच्या. जुने डाग मोजायचे नाहीत, नाहीतर आकडा कधी खाली येतच नाही. निदान दोन-तीन पाळ्या हे करायचं. स्त्रीबीज साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी सुटतं, म्हणजे ३२ दिवसांचं चक्र असेल तर १८व्या दिवसाच्या आसपास. नव्या गाठी त्यानंतरच, विशेषतः शेवटच्या आठ-दहा दिवसांत वाढत असतील आणि पाळी आल्यावर थांबत असतील, तर तो पाळीशी बांधलेला प्रकार. स्कूटरवरून जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. हेल्मेटचा पट्टा किंवा घट्ट बांधलेला स्कार्फ जिथे घासतो, नेमके तिथेच बारीक पुरळ असेल आणि ते महिनाभर सारखंच राहत असेल, तर कारण घासणं आणि घाम. तिथे हार्मोन शोधण्यात अर्थ नाही.

आता हे होतं कशामुळे? त्वचेतल्या तेलग्रंथी अँड्रोजन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या पुरुषी हार्मोनच्या इशाऱ्यावर चालतात. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या शरीरात थोडं असतंच. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही खाली येतात, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही तरी त्याचं पारडं जड होतं. शिवाय तेलग्रंथी स्वतःच टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या जास्त जोरकस हार्मोनमध्ये करते. हे काम त्वचेत चालतं, रक्तात नाही. म्हणून पाळीआधी हनुवटी भरून येणाऱ्या बहुतेक बायकांचा रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो. बिघाड आकड्यात नसतो, त्वचा त्या आकड्याला जास्त जोराने प्रतिसाद देत असते.

हे समजल्यावर डॉक्टरांचे प्रश्नही उलगडले. पाळी २१ दिवसांच्या आधी किंवा ३५ दिवसांनंतर येते का? वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येतात का? हनुवटी, छाती किंवा बेंबीखाली जाड काळे केस आलेत का? भांग रुंद होत चाललाय का? मानेची कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झालीय का? पिंपल्स एकाएकी जोरात आलेत का, आवाज घोगरा झालाय का? पिंपल्सवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांचा कोर्स पूर्ण होऊनही पुन्हा आलेत का? आणि मेडिकलमधून आणलेलं गोरेपणाचं स्टेरॉइडमिश्रित मलम लावता का? कारण त्याने वेगळेच पिंपल्स येतात. माझी सगळी उत्तरं ‘नाही’ होती. अशा वेळी तपासणी केली काय, न केली काय, उपचार तेच राहतात. हे मला पटलं. मलमाचा प्रश्न सोडून यातलं एखादं उत्तर ‘हो’ असेल, तर मात्र तपासणी टाळू नये.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत दोन उत्तरं ‘हो’ होती. पाळी ४५ दिवसांनी यायची आणि हनुवटीवर जाड केस होते. तिने कुणाच्या सांगण्याची वाट न बघता लॅबचं हार्मोन पॅकेज केलं, तेही पाळीच्या दोन-तीन दिवस आधी. त्यात १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन डेसिलिटरमागे २६० नॅनोग्रॅम आलं आणि घरात मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीच्या आजाराची चर्चा सुरू झाली. पण स्त्रीबीज सुटल्यानंतर हा आकडा सगळ्यांचाच चढतो. गायनॅकने पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा रक्त द्यायला लावलं, तेव्हा तो ९० आला. त्या वेळी घेतलेला आकडा डेसिलिटरमागे २०० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर तो आजार जवळपास बाजूला पडतो.

त्यामुळे तपासणी करायचीच असेल तर दिवस आणि वेळ जपायची. पाळीचा दुसरा ते पाचवा दिवस, सकाळी नऊच्या आत. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर अँड्रोजनचे आकडे दबतात. ती बंद करून साधारण तीन महिने गेल्यावरच रक्त द्यावं, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगून दोन-तीन दिवस आधी थांबवा, कारण त्याने यंत्रातला आकडा खोटा वर किंवा खाली जाऊ शकतो. लॅबचा माणूस हे सहसा विचारत नाही. मागायच्या तपासण्याही मोजक्याच: टोटल टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी, डीएचईए-सल्फेट, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच. एलएच आणि एफएसएचचं गुणोत्तर पाहून पीसीओएस ठरत नाही, ते गुणोत्तर त्याच्या निकषांतच नाही. डेसिलिटरमागे टेस्टोस्टेरॉन १५०-२०० नॅनोग्रॅमच्या वर किंवा डीएचईए-सल्फेट ७०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर अंडाशयात किंवा अॅड्रिनल ग्रंथीत गाठ आहे का ते लगेच पाहावं लागतं. पण असे आकडे क्वचितच दिसतात.

बहिणीचे बाकीचे आकडे ठीक होते. पाळी लांबलेली आणि केस जाड, इतर आजार नाहीत, एवढ्यावरच पीसीओएसचं निदान झालं, सोनोग्राफीची गरज पडली नाही. त्यापेक्षा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी तिच्या जास्त कामाची, कारण पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो.

माझ्या उपचारात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मलम फक्त ‘त्या’ आठवड्यात लावायचं नाही. जी गाठ पाळीआधी सुजते, तिचं बंद झालेलं रंध्र कित्येक आठवडे आधीच तयार झालेलं असतं. म्हणून अॅडापलीन ०.१ टक्के जेल दर महिन्याला, महिनाभर, वाटाण्याएवढं, गाठीवर नव्हे तर पूर्ण चेहऱ्याला, रात्री. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री, कातडी सोलली नाही तर हळूहळू रोज. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के आणि वर सनस्क्रीन. पेरॉक्साइडने टॉवेल, उशीचा अभ्रा आणि ओढणीवर पांढरे डाग पडतात, म्हणून जुना पांढरा टॉवेल वेगळा ठेवा. फरक कळायला १२ आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात गाठी थोड्या वाढल्यासारख्या वाटतात, आणि बरेच जण तिथेच जेल सोडून देतात.

एवढ्यानेही भागलं नाही तर स्पायरोनोलॅक्टोनची गोळी येते, बहुधा रोज ५० मिलिग्रॅमपासून, सकाळी, कारण तिने लघवी वाढते. ती त्वचेतल्या अँड्रोजनची जागा अडवते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी लागू पडते. पाळी अधूनमधून पुढे-मागे होऊ शकते. मूल हवं असेल तर प्रयत्न सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ही गोळी आणि अॅडापलीन दोन्ही थांबवावी लागतात. त्या काळात अॅझेलेइक अॅसिडचं मलम चालतं.