उखाणा खालून वर

"काकू, सगळे हसतील पण सासूबाई रुसणार नाहीत, असा उखाणा जुळवता कसा?"

खालून वर. आधी नावाची ओळ, मग वरची. उलट केलं की पहिली ओळ झोकात होते, पण नाव काही केल्या बसत नाही. मग 'मान राखते सर्वांचा' असलं ठिगळ लागतं.

भाचीच्या लग्नातलं सांगते. नवऱ्याचं नाव समीर. 'समीरराव' धरलं की नाव, गाव, भाव, डाव ही यमकं आयती मिळतात, पण ती ऐकून ऐकून गुळगुळीत झालीत. त्यातून 'भाव' आमच्या नाशकात जपून वापरावा. निम्मं वऱ्हाड निफाड-लासलगावचं असताना 'कांद्याला नाही भाव' म्हटलंत, तर हसणार कोण?

म्हणून नुसता 'समीर' धरला आणि जुळणारे शब्द कागदावर काढले: नीर, तीर, उशीर, धीर, कोथिंबीर. नीर-तीर म्हटलं की रामकुंड आणि गोदामाई येणारच. छान आहे, पण ते सगळ्याच जणी घेतात. 'उशीर' गमतीचा, पण वरपक्ष खरोखरच मुहूर्ताला उशिरा पोचला तर तोच टोमणा होतो. कोथिंबिरीवरून मिसळ आठवली. जावईबापूंना तिखट सोसत नाही, हे साखरपुड्यापासून दोन्ही घरांना ठाऊक होतंच.

मिसळीवर झणझणीत तर्री, वर हिरवी कोथिंबीर,
पहिल्याच घासाला पाणी मागतात आमचे समीर.

भाचीला 'पाणी मागतात'च्या जागी 'रडायला लागतात' हवं होतं. मी नको म्हटलं. घास भरवताना तो शेजारीच बसलेला असतो, समोर त्याची आई, वर कॅमेरा. पाणी मागणाऱ्याला स्वतःलाही हसता येतं. रडणाऱ्याला हसलं की ते हिणवणं होतं. नाव अगदी शेवटी ठेवलं, कारण हशा पिकायच्या आत ते ऐकू जायला हवं. मधे घेतलं असतं तर गलक्यात बुडालं असतं आणि नणंदांना 'पुन्हा घे' म्हणायला निमित्तच मिळालं असतं. (त्या तसंही म्हणतातच.)

हाच उखाणा संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मात्र चालत नाही. तिथे नवरा समोर नसतो आणि वाण लुटायला सासूबाई स्वतः उभ्या असतात. त्यांच्या लेकाची त्याच्या पाठीमागे फजिती कशाला? तिथे चेष्टा आपली आपणच करावी. पहिल्या संक्रांतीला भाची हलव्याचे दागिने घालून बसली, तेव्हा 'धीर' उपयोगी पडला:

हलव्याचा हार गळ्यात, पण धरवेना मला धीर,
दोन दाणे मी खाल्ले, दोन पळवणार समीर.

आजेसासूबाईंना नुसतं 'समीर' खटकेल अशी तिला धास्ती होती. लग्नातल्या उखाण्यात 'आमचे' आणि 'मागतात'मधून आदर आलाच होता. इथे 'पळवणार'मध्ये तो कुठेच नव्हता. पण त्या हसल्या. 'राव'साठी हटून बसल्या असत्या, तर परत नाव-गाव-डावकडे वळावं लागलं असतं.