मावशींनी मागची पाटी वाचायला घेतली तेव्हा

गेल्या आठवड्यात एका मिठाईवाल्याच्या जाहिरातीतला शॉट आला, ५ सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १२० फ्रेम. दिवाळीतली संध्याकाळ, जुन्या पेठेतली गल्ली, कॅमेरा हळूहळू दुकानाकडे सरकतो आणि वर पाटी, "शुद्ध तुपातली मिठाई". शूटिंग नाहीच, सगळं एआयने जनरेट केलेलं. एजन्सीचा मेल होता की शॉट अप्रूव्ह आहे, फक्त कलर बघून द्या.

पाटी झूम करून बघितली. शिरोरेषा एकदम सरळ आणि खाली अक्षरंच नाहीत, श सारखं काहीतरी, मग एक गाठ, मग दोन काने. १०व्या फ्रेमला "मिठाई"ची वेलांटी दिसत होती, ४०व्याला ती ठ वर सरकली, ७०व्याला गायब. तीन मराठी माणसांनी हे पास केलं होतं. लोक पाटी वाचतच नाहीत, नुसती बघतात, आणि याचा मला खरंच राग येतो.

असं का होतं ते सांगतो. ही मॉडेलं बहुतेक थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, आधी चित्र दाबून लहान करतात, साधारण ८ बाय ८ पिक्सेलचा एक ठोकळा, वर लागोपाठच्या काही फ्रेमही एकत्र दाबतात. आमचं अक्षर ४० पिक्सेल उंच, म्हणजे जेमतेम ५ ठोकळे. त्यात इंग्रजी कॅपिटल अक्षर तगून जातं, आकार साधा आणि मॉडेलने ते पुष्कळ पाहिलेलं. पण द्ध? त्यात द च्या पोटात ध बसवायचा असतो.

आधी प्रॉम्प्टमध्ये शब्द लिहून बघितले, काही उपयोग नाही. मग पहिली फ्रेम स्वतः बरोबर अक्षरं टाकून दिली आणि तिच्यावरून व्हिडिओ काढला, सुरुवातीला छान, पण कॅमेरा हलला की "शुद्ध"चं "शुध्द" आणि पुढे नुसता गोळा. शेवटी ठरवलं की मॉडेलकडून कोरी मरून रंगाची पाटी घ्यायची, अक्षरं आपण बसवायची. तीही व्हिडिओ अपस्केल करून, म्हणजे मोठा करून झाल्यावरच, कारण अपस्केलर पण बारीक रेघा स्वतःच्या मनाने परत काढतो आणि बरोबर असलेली मात्रा तिथे मोडते.

फॉन्ट लावला तर चिकटवल्यासारखं दिसत होतं, शिवाय त्यातला ल हिंदी वळणाचा. म्हणून ओळखीच्या पेंटरकाकांकडे गेलो, ते अजून ब्रशने पाट्या रंगवतात. म्हटलं, "काका, द ला ध जोडायचाय हं, ध ला द नाही." "अरे चाळीस वर्षं लिहितोय, मला शिकवतोस?" ड्रॉइंग पेपरवर चपट्या ब्रशने दहा मिनिटांत लिहून दिलं. काय ल होता तो! स्कॅन केला, कागद कापून टाकला, अक्षरं हातात.

मग ट्रॅकिंग, म्हणजे पाटी हलेल तशी अक्षरं तिच्याबरोबर हलवायची, आणि इथे दीड दिवस गेला. खऱ्या शूटमध्ये लाकडाची पाटी लाकडाचीच राहते, जनरेट केलेली पाटी मात्र मऊ असते. ६० ते ७५ फ्रेममध्ये उजवा खालचा कोपरा तीन-चार पिक्सेल आत गेला, चार कोपरे पिन केले की अक्षरं पण त्याच्याबरोबर ओढली जायची, मिठाईचा ई लांबट व्हायचा. शेवटी १२०व्या फ्रेममधून, जिथे पाटी सगळ्यात मोठी आणि स्वच्छ होती, पूर्ण पाटीच कापून घेतली, तिच्यावर अक्षरं ठेवली, ट्रॅक स्मूद केला आणि जुनी पाटी तिच्याखाली झाकून टाकली. समोर हलणारा आकाशकंदील "तु" आणि "पा" वरून जातो, तो हाताने रोटो केला, म्हणजे फ्रेमागणिक कापून अक्षरांच्या पुढे आणला. मग थोडा ब्लर, ग्रेन, दिव्याचा पिवळेपणा, कारण अक्षरं चित्रापेक्षा जास्त शार्प असली की लगेच उठून दिसतात.

तपासायची माझी पद्धत एकच, ज्याला मजकूर माहीत नाही अशा माणसाकडून वाचून घ्यायचं, कारण माहीत असलेला डोळा चुकीचं पण बरोबर वाचतो. पाच फ्रेमच्या प्रिंट काढून ऑफिसातल्या मावशींना दिल्या. त्यांनी पाचही वेळा न अडखळता वाचलं, "शुद्ध तुपातली मिठाई." मी खूश. मग त्यांनी मागच्या दुकानाकडे बोट ठेवलं, "आणि हे काय लिहिलंय रे?"

मागे तीन पाट्या होत्या, १२-१५ पिक्सेलची अक्षरं, सगळी गिचमिड. मी स्वतः दोन दिवस त्या शॉटकडे बघत होतो आणि त्या माझ्या नजरेतून सुटल्या. डिलिव्हरीला चार तास होते. कोऱ्या केल्या तर बाजार बंद पडल्यासारखा वाटत होता, म्हणून दोन फोकसच्या बाहेर ढकलल्या. तिसरी दिव्याखालीच होती, तिला ब्लर केलं की दिवा पण जायचा, ती तशीच गेली. जवळजवळ २० फ्रेम ती दिसते. सोमवारपासून जाहिरात चालू आहे आणि दर वेळी माझी नजर आधी तिथेच जाते.