पिन दिला नाही, ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. पीएम किसानचा हप्ता जवळ आला की सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर चार-पाच जण बसलेले असतात. त्या दिवशीही होते, पण तिघांच्या फोनवर एकच मेसेज होता: 'आज रात्री बारापर्यंत ई-केवायसी न केल्यास 2000 रुपयांचा हप्ता कायमचा बंद', खाली निळी लिंक. आणि तो पाठवणारे होते आमच्या सोसायटीचे निवृत्त सचिव, आप्पा. गावात ज्यांच्या शब्दावर लोक कर्जाच्या कागदावर सही करतात, असा माणूस.

तिघांनाही लिंकला हात लावू नका म्हणून सांगत होते, तेवढ्यात आप्पा स्वतःच आले. चेहरा उतरलेला. "ताई, मी कुणाला काय पाठवलंच न्हाई. व्हॉट्सॲप उघडाय गेलो तर दुसऱ्या फोनवर चालू हाय म्हणतंय. आन् बँकेतनं पाच हजार गेल्यात."

मी आधी त्यांचा फोन हातात घेऊन विमान मोडवर टाकला, वायफाय बंद केलं आणि मग विचारलं, काय काय केलंत. त्यांनी शपथेवर सांगितलं, "पिन मी कुणाला दिला न्हाई. ओटीपी सांगितला न्हाई. कुणाचा फोनसुदिक आला न्हाई." ते खरं बोलत होते. आपण सगळे लोकांना हेच तर सांगतो, ओटीपी सांगू नका. आप्पांनी ते अक्षरशः पाळलं होतं, तरी खातं फुटलं होतं.

घडलं ते असं. आदल्या रात्री नऊच्या सुमारास त्यांना भाच्याच्या नंबरवरून तोच मेसेज आला होता. लिंक दाबल्यावर सरकारी दिसणारं पान उघडलं आणि त्यावर ॲप डाउनलोड करायचं बटण होतं. ती फाईल .apk होती, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये थेट टाकायचं ॲप. फोनने 'अनोळखी ठिकाणचं ॲप' असा इशारा दिला, पण पानावरच 'परवानगी द्या' असं चित्रासह समजावलेलं होतं, म्हणून त्यांनी दिली. मग ॲपने एसएमएस, कॉल आणि संपर्क यादीची परवानगी मागितली, तीही दिली. शेवटी फॉर्म आला: नाव, आधार क्रमांक, मोबाइल, खाते क्रमांक, एटीएम कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि कार्डाची मुदत. पिनचा रकानाच नव्हता, म्हणून आप्पांना खात्री वाटली की हे खरं आहे.

पिनचा रकाना नव्हता, कारण चोराला त्याची गरजच नव्हती. नवीन फोनवर यूपीआय चालू करताना बँक बघते की सिम याच माणसाचं आहे का. त्यासाठी त्या सिममधून एक सांकेतिक एसएमएस जावा लागतो. आप्पांच्या फोनमधल्या ॲपला एसएमएस पाठवायची परवानगी होती, त्यामुळे चोराने आपल्या फोनवर यूपीआय उघडलं आणि तो एसएमएस आप्पांच्या सिममधून पाठवला. मग पिन नव्याने ठरवायला लागतात कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि एक ओटीपी. पहिल्या दोन गोष्टी फॉर्ममध्ये मिळाल्या होत्या. ओटीपी आप्पांच्या फोनवर आला आणि ॲपने तो आतल्या आत चोराकडे पोचवला. काही बँका यावर एटीएमचा पिनही मागतात. आप्पांच्या बँकेने मागितला नव्हता. व्हॉट्सॲपचंही तसंच झालं. त्याचा सहा अंकी कोड एसएमएसने येतो, तो मिळाल्यावर चोराने आप्पांचा नंबर स्वतःच्या फोनवर चालू केला आणि त्यांच्याच नावाने गावभर लिंक वाटली. भाच्याकडून आप्पांना मेसेज आला तोही असाच आला असणार.

मी त्यांचे एसएमएस उघडून दाखवले. रात्री 9.40 ला एका लांबलचक नंबरवर गेलेला अक्षरांचा गुंता, तो त्यांनी लिहिलेला नव्हता. त्याखाली बँकेचे दोन ओटीपी, न वाचलेले. मग 1 रुपया गेल्याचा मेसेज आणि लगेच 4,999 चा. आप्पा त्या वेळी जेवून झोपले होते. नेमके पाच हजारच का, याचंही कारण आहे: नव्या फोनवर यूपीआय चालू केल्यावर पहिल्या 24 तासांत साधारण 5,000 रुपयांपेक्षा जास्त जाऊ देत नाहीत. खात्यात उसाच्या बिलाचे 1 लाख 84 हजार होते. म्हणजे त्याच रात्री दहाच्या सुमारास ती मर्यादा उठणार होती, आणि सकाळचे दहा वाजले होते.

आप्पांच्या पुतण्याला वाटत होतं की आधी ते ॲप काढून टाकावं. मी नको म्हटलं. ॲप काढलं तरी चोराच्या फोनवर चालू झालेलं यूपीआय तिथंच राहतं, ते या फोनवर अवलंबून नसतं. शिवाय तक्रारीला लागणारा पुरावा जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाबरून लोक त्याच फोनवर नेट बँकिंगचा पासवर्ड बदलायला बसतात. नवा ओटीपी पुन्हा त्याच चोराला दिसतो. म्हणून आम्ही फोन विमान मोडवरच ठेवून, दुसऱ्या मोबाइलने त्याच्या स्क्रीनचे फोटो काढले: लिंक, एसएमएस, पैसे गेल्याच्या मेसेजमधला 12 अंकी व्यवहार क्रमांक.

मग सिम काढून केंद्रातल्या जुन्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. ॲपला एसएमएस वाचता येत होते ते सिम त्या फोनमध्ये असल्यामुळे. सिम बाहेर आलं की ती वाट बंद. पण कॉल वळवलेले असतील तर ते मोबाइल कंपनीकडे नोंदलेलं असतं, फोन बदलून जात नाही. बँकेचा ओटीपी कधी कधी फोन करूनही सांगतात, त्यामुळे हे तपासावंच लागतं. बटणाच्या फोनवरून आधी `*#21#` लावलं. एका अनोळखी नंबरवर कॉल वळवलेले दिसले, तो नंबर लिहून घेतला, मग `##002#` लावून सगळं रद्द केलं. दोन सिम असतील तर दोन्हीवर हे करायचं.

त्यानंतर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, 1930. पहिल्या दोन वेळा लाईन व्यस्त लागली, तिसऱ्यांदा लागली. बोलणाऱ्या पोलिसांनी नाव, खातं, रक्कम, वेळ आणि तो 12 अंकी क्रमांक विचारला. हा क्रमांक हाताशी नसेल तर पैसे पुढे कुठल्या खात्यात गेले ते शोधायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ते पुढच्या खात्यात सरकतात. आम्हाला तक्रार क्रमांक मिळाला. उरलेली माहिती आणि फोटो मी केंद्रातल्या संगणकावरून cybercrime.gov.in वर त्याच सकाळी भरले.

पुतण्या आप्पांना गाडीवरून बँकेत घेऊन गेला, मी त्यांना चिठ्ठीवर तीन ओळी लिहून दिल्या होत्या. 'एटीएम कार्ड बंद करा' एवढं म्हणू नका, कारण कार्ड बंद झालं तरी चोराने केलेला यूपीआय पिन चालूच राहू शकतो. खात्यातून पैसे जाणंच थांबवा म्हणा आणि या नंबरवरचं यूपीआय काढून टाकायला सांगा. अर्ज दोन प्रतींत द्या, आपल्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्या. बँकेत पहिल्यांदा त्यांना सांगितलं, आधी पोलिसांचा कागद आणा. पण पुतण्याने शिक्क्यासाठी हट्ट धरला ते बरं केलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाची चूक असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर गेलेला पैसा बँकेच्या जबाबदारीवर. कळवलं कधी, हे त्या शिक्क्याशिवाय सिद्ध होत नाही. साडेअकराला खातं थांबवलं गेलं. ऊसबिल वाचलं.

व्हॉट्सॲप परत घ्यायला पुतण्याच्या फोनवर आप्पांचा नंबर टाकला, कोड बटणाच्या फोनवर आला. तो टाकल्याबरोबर चोर बाहेर फेकला गेला. पण पुढे दुसरा पिन मागितला. चोराने स्वतःचा लावून ठेवला होता. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं, तोवर चोरालाही काही पाठवता येत नाही. तेवढ्यात मी ग्रुपच्या ॲडमिनला सांगून आप्पांच्या नावाचे मेसेज सगळ्यांसाठी पुसायला लावले. कोणी काय उघडलं ते विचारलं: चौघांनी लिंक दाबली होती, त्यातल्या एकाकडे आयफोन, तिथं ती फाईल चालतच नाही. दोघांनी इशारा बघून सोडून दिलं. चौथ्या वहिनींनी ॲप टाकून फॉर्म भरला होता, पण त्यांच्या खात्यात 312 रुपये होते. त्यांचंही सिम काढायला आणि बँकेला कळवायला लावलं, कारण त्याच खात्यात त्यांचे लाडकी बहीणचे 1,500 येतात.

आप्पांचा फोन शेवटी पूर्ण रिसेट केला, फक्त फोटो संगणकावर काढून घेतले. ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब झालं होतं, सेटिंगमधल्या ॲप यादीत मात्र ते होतं, नाव कोरं आणि चिन्ह साध्या हिरव्या रोबोचं. असं बिननावाचं ॲप यादीत दिसलं की ओळखायचं.

लिंकच्या पत्त्याबद्दल मी सगळ्यांना बसवून दाखवलं. https:// नंतर पहिल्या तिरक्या रेषेपर्यंत वाचायचं आणि त्यातला शेवट बघायचा. त्या लिंकमध्ये pmkisan होतं, gov पण होतं, पण त्या रेषेआधी शेवट .xyz असा होता. खरा पत्ता pmkisan.gov.in, एवढाच. खरं ॲप प्ले स्टोअरवर PMKISAN GoI या नावाने असतं, व्हॉट्सॲपवरून फाईल म्हणून येत नाही. आणि हप्ता आधारशी जोडलेल्या खात्यात जातो, त्याला एटीएम कार्डाचे अंक कुठल्याच सरकारी अर्जात लागत नाहीत.

4,999 पैकी 3,200 रुपये दुसऱ्या एका खात्यात अडकवले गेल्याचं पोलिसांनी नंतर कळवलं. ते परत मिळावेत म्हणून आप्पांनी अर्ज केला आहे.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आप्पा परत आले, म्हणाले, "ताई, त्या केवायसीचं आता काय करायचं? हप्ता अडकला तर?" मी संगणकावर pmkisan.gov.in उघडून त्यांचा नोंदणी क्रमांक टाकला. त्यांची ई-केवायसी याच केंद्रात अंगठा लावून आधीच झालेली होती.