आमची वाटचाल: एका गिटारीचे दोन ऋतू

वडील हवाई दलात होते, त्यांची शेवटची बदली अप्पर शिलाँगला झाली. निवृत्त होऊन ते साताऱ्याला परतले, मी मात्र इथेच राहिलो. २००८ साली शिलाँगच्या लाइतुमख्रा भागात दहा बाय बाराची खोली भाड्याने घेऊन गिटारदुरुस्तीचं दुकान थाटलं. आई फोनवर म्हणाली, "अरे, तिथं तर म्हणे घरोघर गिटार असते. तुझ्याकडे कोण येणार?" मला वाटलं, घरोघर आहे म्हणूनच येतील.

आले खरे, पण पहिल्याच वर्षी मी माती खाल्ली. जुलैत एकामागून एक गिटारी येऊ लागल्या. तक्रार एकच, तारा फार वर गेल्यात, बोटं दुखतात. मी ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासून खाली आणायचो. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. जानेवारीत त्याच गिटारी परत आल्या. आता प्रत्येक तार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या, गिटारीच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून खरखरत होती.

कारण अगदी साधं होतं. पावसाळ्यात इथलं लाकूड ओल पितं, गिटारीचं पुढचं पान ब्रिजच्या मागे फुगतं आणि ब्रिजसकट तारा उचलल्या जातात. हिवाळ्यात कोरडी हवा आणि खोलीतली शेगडी यांनी तेच पान पुन्हा बसतं. मी जुलैची गिटार कायमची जुलैसाठी कापून ठेवली होती. सगळ्या सॅडल पदरमोड करून नव्याने बनवून दिल्या. इयूदुहच्या बाजारातून हाडं आणायची, उकळायची, वाळवायची, घासायची. घरमालकीण काँगनी त्या वासाबद्दल महिनाभर ऐकवलं.

शहाणपण शिकवलं ते शेजारच्या बाहनी. (खासी लोक वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाह' म्हणतात, बाईला 'काँग'.) ते दुइतारा बनवतात. चार तारांचं खासी वाद्य ते, पूर्वापार मुगा रेशमाच्या तारांचं. ते म्हणाले, "लाकडाला आधी विचार, मग हत्यार उचल." तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. पावसाळ्यात उंच तारांची गिटार आली की तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे धडाला मिळते तिथे दाबायची आणि मधल्या फ्रेटवरची फट बघायची. पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर नेक ठीक आहे. मग ब्रिजमागे सरळ पट्टी आडवी ठेवायची. ती डुलली, तर पान फुगलंय.

गेल्या ऑगस्टमध्ये चर्चच्या गायनवृंदातली एक गिटार आली. बाराव्या फ्रेटवर जाड तार चार मिलिमीटर वर होती. कुणीतरी आधीच ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, आवळून ठेवला होता. त्यामुळे नेक मागे वाकली होती, खालचे फ्रेट खरखरत होते आणि वरची उंची काही फारशी कमी झाली नव्हती. फुगलेलं पान ट्रस रॉडने बसत नाही, पण आवळणाऱ्याला तेवढंच माहीत असतं. रॉड सैल केला, तारा उतरवल्या, आणि बंद पेटीत सिलिका जेल घालून सुमारे ५० टक्के आर्द्रतेत तीन आठवडे ठेवली. उंची पावणेतीनवर आली. सॅडलला हातही लावला नाही. जुनं पान दर वेळी इतकं परत येतंच असं नाही. आतली पट्टी सुटली असेल तर ती चिकटवावीच लागते.

त्या गिटारीचे फ्रेट बघूनच ती चर्चची आहे हे कळलं होतं. पहिल्या तीन फ्रेटांवर, उघड्या कॉर्डच्या जागी, तारांखाली बारीक खळगे होते आणि वरचे फ्रेट कोरे. १८४१ मध्ये वेल्श मिशनरी सोहरात, म्हणजे चेरापुंजीत आले. त्यांच्या चर्चमधून सॉल्फा, म्हणजे 'डो-रे-मी'त लिहिलेलं गाणं, या डोंगरांत रुजलं. आजही वादक विचारतो, "डो कुठे?" आणि गाणाऱ्याचा गळा बघून पट्टी बदलतो. चर्चमध्ये वाजवणाऱ्या त्याच मुलाची इलेक्ट्रिक गिटार आणा, बाराव्या-पंधराव्या फ्रेटवर दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली रुंद, आडवी झीज दिसेल. तार ओढून सूर चढवण्याची ती खूण, ब्लूजची. रविवारी एक, शनिवारी दुसरी.

या शनिवारांनाही मोठा इतिहास आहे. इथल्या फेंटोन्स बँडने १९७० च्या सुमाराला 'सिमला बीट' या बँडच्या स्पर्धेत नाव काढलं. १९७२ पासून इथले गायक लू माजॉ २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करत आले. सोलमेट हा ब्लूज बँड २००३ मध्ये उभा राहिला. २००९ च्या ऑक्टोबरात १,७३० जणांनी एकत्र गिटार वाजवून विक्रम केला, तेव्हा आठवडाभर आधीच आमच्याकडच्या तारा संपल्या. गुवाहाटीहून मागवल्या.

आता आम्ही तिघं आहोत. गिटार विकणं जवळजवळ सोडलं. लॅमिनेटच्या स्वस्त गिटारींचा साठा एकदा अंगाशी आला, तेवढं पुरे. वादकांपैकी बहुतेकांना बँडवर पोट भरता येत नाही, त्यांची नोकरी वेगळी असते. म्हणून दर हंगामाची तपासणी स्वस्तच ठेवली आहे. प्रत्येक गिटारीची वहीत दोन पानं आहेत, एक जुलैचं, एक जानेवारीचं. सॅडल कापायची वेळ आलीच, तर दोन्ही पानं उघडून मगच करवत उचलतो.