नगरची सवारी, तबरीझची सवारी

आम्हा नगरकरांना सवारी म्हटलं की मोहरम आठवतो. कोठला भागातून निघणारे बडे इमाम, छोटे इमाम, कत्तलची रात्र, ढोल-ताशे आणि रस्त्याच्या दुतर्फा तुडुंब गर्दी. तबरीझच्या बसस्थानकावर उतरलो, तर पाच-सहा जण एका सुरात "सवारी, सवारी!" ओरडत अंगावर आले. इराणमध्ये सवारी म्हणजे शेअर टॅक्सी. चार माणसं भरली की निघाली. मी मनातल्या मनात हसलो आणि पुढच्या सीटवर बसलो. नगरच्या सवारीचं मूळ शोधायलाच मी इथे आलो होतो, त्यामुळे सुरुवात काही वाईट झाली नाही.

गोष्ट सुरू होते ती तबरीझमध्ये, 1501 साली. इस्माईल नावाच्या चौदा वर्षांच्या पोराने हे शहर जिंकलं, स्वतःला शाह म्हणवलं आणि जाहीर केलं की यापुढे राज्याचा पंथ बारा इमामांना, म्हणजे प्रेषितांचा जावई अली आणि त्याच्या अकरा वंशजांना मानणारा शिया पंथ. तेव्हाच्या इराणात काशान, कुम अशी मोजकी शहरं शिया होती. बाकी मुलूख बहुतांशी सुन्नी. बखरकार सांगतात की दरबारातल्या जाणत्यांनी त्याला सावध केलं: शहरातले दोन-तृतीयांश लोक सुन्नी आहेत, उलटले तर काय? पोराचं उत्तर होतं की कुणी चकार शब्द काढला तर तलवार उपसेन आणि एकालाही जिवंत ठेवणार नाही.

दुपारी बाजाराला लागून असलेल्या जामे मशिदीच्या अंगणात बसलो होतो. अजान झाली. आपल्याकडच्या कानाला तिच्यात एक ओळ जास्त ऐकू येते. अल्ला एक, महंमद त्याचे प्रेषित, इथवर ओळखीचं. त्यानंतर अली हा अल्लाचा वली, म्हणजे निकटचा सखा असल्याची ग्वाही. लोकांना धर्म बदलल्याचं पहिल्यांदा कळलं ते या ओळीतून. कुणी घरोघरी जाऊन प्रवचन दिलं नाही. अजान बदलली, शुक्रवारच्या नमाजातल्या प्रवचनात, म्हणजे खुतब्यात, बारा इमामांची नावं आली आणि अलीच्या आधीच्या पहिल्या तीन खलिफांची गेली.

नावं नुसती गेली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण त्या तीन खलिफांना जाहीर शिव्याशाप देण्याची प्रथा पडली. तिला तबर्रा म्हणतात. खांद्यावर कुऱ्हाडी टाकलेली माणसं गल्लीबोळांतून शाप उच्चारत फिरायची आणि ऐकणाऱ्याने "बीश बाद, कम मबाद" म्हणायचं, म्हणजे वाढो, कमी न होवो. जो गप्प राहील त्याचा जीव धोक्यात. ही चाचणी फार हुशारीची होती, असं मला वाटतं. माणसाच्या मनात काय आहे ते कुणाला दिसत नाही, पण तोंड उघडलं की नाही ते सगळ्यांना दिसतं. आणि रोज चारचौघांत म्हटलेलं वाक्य दोन पिढ्यांनी मनातलंही होऊन जातं.

मात्र अजान बदलल्यावर पुढची अडचण आली: हा पंथ पाळायचा कसा? नमाज, वारसा, लग्न यांचे नियम कुठून आणायचे? नवा पंथ शिकवायला तबरीझमध्ये पुस्तकच मिळेना. शेवटी एका काझीच्या संग्रहात अल्लामा हिल्लीच्या शियापंथीय धर्मशास्त्रावरच्या ग्रंथाचा पहिला खंड सापडला आणि त्यावर काम सुरू झालं. हे शाहाच्याच घराण्याच्या पदरी असलेल्या बखरकाराने लिहून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी अर्दबीलची सवारी धरली. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, डाव्या हाताला बराच वेळ सबलान पर्वत. चालक साखरेचा खडा दातांत धरून थर्मासातला चहा पीत गाडी चालवत होता. मी मागे बसायला हवं होतं.

अर्दबीलला शेख सफीचा दर्गा आहे. इस्माईलचं घराणं सफवी म्हणवतं ते याच शेखच्या नावावरून. गोल मनोऱ्यावर निळ्या अक्षरांत अल्ला, अल्ला अशी नक्षी फिरवलेली आहे, आत चिनी मातीच्या भांड्यांसाठी कोनाडेच कोनाडे असलेला एक दिमाखदार महाल. पण मला ओढ होती ती शेखच्या पंथाची. 1334 साली वारलेला हा सूफी बहुधा शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार शास्त्रपरंपरांपैकी एक पाळणारा सुन्नी होता. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, 1340 च्या सुमाराला लिहिणारा भूगोलकार हमदुल्ला मुस्तौफी नोंदवतो की अर्दबीलचे बहुतेक लोक शाफई आहेत आणि शेख सफीचे मुरीद, म्हणजे शिष्य आहेत. म्हणजे शिया राजवंशाचा मूळपुरुषच सुन्नी! यावर उपाय काय केला? शेखचं चरित्र त्याच शतकात लिहिलं गेलं होतं. इस्माईलचा मुलगा शाह तहमास्प याने ते दुरुस्त करवून घेतलं. नव्या प्रतीत शेख सय्यद म्हणजे प्रेषितांच्या घराण्यातला झाला, सातव्या इमामाचा वंशज झाला आणि शियाही झाला. वंशावळ तयार करून घेण्याचा उद्योग आपल्या ओळखीचा आहे, तेव्हा इराण्यांना हसण्यात अर्थ नाही.

मधल्या दीडशे वर्षांत या सूफी गादीचं लष्कर झालं होतं. अनातोलिया म्हणजे आजचा तुर्कस्तान आणि अझरबैजान इथल्या तुर्कमान टोळ्या तिच्या मुरीद झाल्या. बारा इमामांसाठी बारा घड्यांची लाल टोपी घालणारे म्हणून ते किझिलबाश, लाल डोकी. त्यांचा शिया पंथ शास्त्राचा नव्हता. त्यांच्यासाठी इस्माईल हाच जवळजवळ देव होता, आणि त्याच्या तुर्की कवितांतही तसेच दावे आहेत. मोडला तो याच श्रद्धेचा कणा. अनातोलियातले किझिलबाश म्हणजे ऑटोमन सुलतानाची प्रजा, पण निष्ठा शत्रूच्या शाहावर. सुलतान सलीमने आधी त्यांना वेचून काढलं आणि 23 ऑगस्ट 1514 ला चाल्दिरानच्या मैदानात इस्माईलच्या घोडदळाला तोफांसमोर गाठलं. दर्ग्याच्या आवारात शहीदगाह नावाची दफनभूमी आहे. राखणदाराने तिच्याकडे हात करून एवढंच म्हटलं, "चाल्दिरान." मग मला इस्माईलच्या कबरीकडे नेलं. खोली इतकी लहान की दोन माणसं दाटीने उभी राहतील. त्या पराभवानंतर तो पुन्हा कधी स्वतः रणांगणात उतरला नाही आणि 1524 मध्ये, छत्तिशीत गेला.

देवच हरल्यावर राज्याला शास्त्री लागले. ते आले बाहेरून. त्यातले बरेचसे आजच्या दक्षिण लेबनॉनमधल्या जबल आमिलहून. यातला सर्वांत वजनदार माणूस अली अल-करकी. हेरात जिंकल्यावर तिथल्या मोठ्या सुन्नी पंडिताला इस्माईलने मारलं, तेव्हा करकी चिडला होता असं सांगतात. त्याचं म्हणणं, पंडिताला जिवंत ठेवून वादात हरवलं असतं तर हेरातभोवतालचा अख्खा खोरासान आपणहून वळला असता. तलवारीने काम किती होतं आणि कुठे अडतं, हे त्याला नेमकं कळलं होतं. तहमास्पने 1533 मध्ये त्याला इमामाचा प्रतिनिधी ठरवणारं फर्मान दिलं. करकीने गावोगावी नमाज पढवणारे आणि नियम शिकवणारे नेमले. मशिदींच्या किब्ल्याच्या, म्हणजे नमाजासाठी मक्केकडे तोंड करायच्या दिशाही चुकल्यात म्हणून बदलायला निघाला, त्यावरून शिराझच्या एका गणिती विद्वानाशी त्याचं भांडण पेटलं. गेला तो विद्वान, करकी राहिला.

इस्फहानच्या मोठ्या चौकात शेख लुत्फुल्ला मशिदीत शिरताना हे भांडण आठवलं. चौक किब्ल्याच्या दिशेत नाही, म्हणून दारातून आत गेलं की अंधारा बोळ वळतो, पुन्हा वळतो आणि मग तुम्ही घुमटाखाली योग्य दिशेला तोंड करून उभे. हा शेखही जबल आमिलचाच, मैस गावचा. बाहेरून आणलेला पंथ इथे तोवर पुरता रुजला होता. त्याचा पुरावा 1576 मध्येच मिळाला होता. तहमास्पचा मुलगा दुसरा इस्माईल याने सुन्नी पंथाकडे झुकून शिव्याशाप बंद करायचा प्रयत्न केला, ज्यांनी ते कधीच दिले नाहीत त्यांना बक्षीस देऊ केलं. सरदार बिथरले, शास्त्री बिथरले आणि जेमतेम दीड वर्षात तो मेला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी शाहाच्या एका हुकमाने वळलेलं राज्य आता शाहाच्या हुकमाने परत वळेना.

शेजारी मात्र तो तबर्रा विसरले नाहीत. 1555 मध्ये अमास्याला ऑटोमन आणि सफवी यांचा तह झाला, त्यात खलिफांना शाप देणं थांबवायची अट होती. 1639 च्या तहाने जी हद्द पडली ती बरीचशी आजही तुर्कस्तान-इराण आणि इराक-इराणची हद्द आहे. सुन्नी उरले ते मुख्यतः कडेकडेने: कुर्द, बलुच, तुर्कमान. 1722 मध्ये इस्फहान पाडलं तेही कंदाहारच्या सुन्नी अफगाणांनी.

परतीच्या वाटेवर मी मुद्दाम काशानला उतरलो. गुलाबाचा हंगाम नव्हता, नुसती धूळ. इथे शाह ताहिर नावाचा एक विद्वान शिकवत असे. शिया शहर, शिया राज्य, मग त्याला भीती कसली? तर तो आतून इस्माइली, म्हणजे इमामांची वेगळी परंपरा मानणारा शिया होता, त्या पंथाच्या एका शाखेचा इमाम. वरवर बारा इमामांचं शास्त्र शिकवायचा. शिष्य वाढले तशी कुणीतरी चहाडी केली आणि इस्माईलने त्याला ठार मारायचा हुकूम काढला. सुन्नींइतकेच चुकीचे शियाही या राज्याला नकोसे होते. 1520 मध्ये तो पळाला. होर्मुझहून जहाजाने गोवा, तिथून विजापूर, तिथे कुणी विचारलं नाही म्हणून परांडा, आणि 1522 मध्ये आमचं नगर.

बुऱ्हाण निजामशाहाने त्याला जवळ केलं. शाहजाद्याचं आजारपण ताहिरच्या प्रार्थनेने बरं झालं अशी कथा आहे. ती खरी की खोटी, 1537 च्या सुमाराला निजामशाही शिया झाली हे खरं. खुतब्यातून तीन नावं गेली, शहर पेटलं, जमाव किल्ल्यासमोर आला, शेजारचे सुलतान चालून यायची भाषा करू लागले. तबरीझचीच नक्कल, फक्त भुईकोट किल्ल्याच्या सावलीत. ताहिरच्या शिकवणीसाठी कोठल्यात बारा इमामांच्या नावाने वास्तू उभी राहिली. ज्या शाहाने त्याला मारायचा हुकूम काढला त्याचाच पंथ त्याने इथे रुजवला, आणि स्वतः बहुधा शेवटपर्यंत इस्माइलीच राहिला.

काशानच्या स्टँडवर इस्फहानहून तेहरानकडे जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या. "सवारी, तेहरान!" एकजण ओरडला. एक जागा शिल्लक होती. मी सॅक मांडीवर घेतली आणि मागे बसलो.