तुम्ही विचारलंत म्हणून: अकरावे घर

“सर, उत्पन्नाचा मध्य लिहायचा की मध्यक? एकच काय ते सांगा ना.”

मध्यक लिहा. एवढ्यावर तुमचे समाधान होत असेल तर पुढचे वाचू नका, कारण पुढे माझी स्वतःची फजिती आहे आणि ती सांगितल्याशिवाय या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी रावेर तालुक्यातल्या एका गावात, एकाच गल्लीतल्या अकरा घरांचे वार्षिक उत्पन्न विचारून लिहून घेतले होते. हजारांत मांडले तर आकडे असे होते: ७२, ८४, ९०, ९६, १०८, १२०, १३२, १५०, १८०, २४० आणि १५००. शेवटचे घर केळीच्या बागायतदाराचे होते. बाकीच्या घरांत कोणी मजुरीला जाई, कोणाची दोन-तीन एकर कोरडवाहू कपाशी होती. बेरीज २७,७२,००० रुपये आणि मध्य २,५२,००० रुपये आला. त्या गल्लीतील अकरांपैकी दहा घरे या ‘सरासरी’च्या खाली होती आणि तिच्या आसपास एकच घर होते, दोन लाख चाळीस हजारांचे; तिच्या वरच्या एकमेव घराला थेट पंधरा लाख मिळत होते.

हे मला तेव्हाही दिसले होते. आकडा खोटा वाटतो म्हणून मी तो दुरुस्त करायला निघालो आणि बागायतदाराचे घर ‘अपवादात्मक’ ठरवून वगळले. दहा घरांचा मध्य १,२७,२०० आला, तो शोभून दिसला, आणि मी तोच अहवालात लिहिला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी अहवाल मागून उघडला. परिशिष्टातल्या तक्त्यावरून त्यांनी बोट फिरवले, ओळी मोजल्या आणि अगदी शांतपणे विचारले, “अकरावे घर कुठे गेले?” ते घर मोजताना चूक झाली होती का, असे त्यांनी पुढे विचारले. नव्हती. ते त्या गावातले नव्हते का? होते, उलट उरलेल्या दहांतली चार घरे त्याच्याच बागेत मजुरीला जात होती. मग कोणत्या कारणाने वगळले? “सर, सरासरी बिघडत होती,” असे मी म्हणालो. त्यानंतरची शांतता मला आजही ऐकू येते.

खरे तर सरासरी बिघडलेली नव्हतीच, ती आपले काम चोख करत होती. मध्य म्हणजे तोलाची जागा: खालच्या दहा घरांचे मध्यापासूनचे अंतर एकत्र केले तर १२,४८,००० भरते आणि एकट्या बागायतदाराचे वरचे अंतरही तेवढेच भरते. मध्यकाला रक्कम कळत नाही, फक्त रांगेतली जागा कळते. चढत्या रांगेत बरोबर मधोमध येणाऱ्या सहाव्या घराचे १,२०,००० हा त्याचा मुक्काम. बागायतदाराने तीस लाख कमावले तरी मध्यक तिथेच राहील, मध्य मात्र ३,८८,००० च्या वर जाईल. आणि मेमधल्या वादळाने बाग आडवी होऊन त्याच्या हाती काहीच आले नाही, तर मध्य एकदम सुमारे १,१५,६०० वर कोसळेल, मध्यक जेमतेम एक पायरी उतरून १,०८,००० होईल. इतर दहा घरांचे आकडे या सगळ्या हिशेबात तेच धरले आहेत.

तुमच्यापैकी अनेकजण मध्यासोबत प्रमाण विचलन लिहून मोकळे होतात. या आकड्यांचे प्रमाण विचलन सुमारे चार लाख येते, म्हणजे मध्यापेक्षाही मोठे. मध्यातून ते वजा केले तर उत्पन्न उणे होते. ऋण होऊ न शकणाऱ्या राशीच्या बाबतीत असे दिसले की वितरण उजवीकडे लांब शेपूट काढून बसले आहे, हे आलेख न काढताही ओळखता येते. अशा वेळी मध्यकासोबत चतुर्थके द्या: इथे तिसरे घर ९०,००० आणि नववे १,८०,०००, म्हणजे गल्लीतली मधली घरे कोणत्या पट्ट्यात जगतात ते कळते.

मात्र परीक्षेतल्या त्या फजितीनंतर मी काही वर्षे वर्गात मध्य लिहिणाऱ्यांचे गुण कापत असे, आणि तेही चुकीचेच होते. गल्लीत एकूण किती पैसा येतो, हे मध्यकाला विचारून कळत नाही. त्याला अकराने गुणले तर १३,२०,००० येतात, खऱ्या बेरजेच्या निम्म्याहूनही कमी. दोन गावांचे मध्य घरांच्या संख्येनुसार जोडता येतात, मध्यक तसे जोडता येत नाहीत. म्हणून वर्णनात्मक असाइनमेंटमध्ये ‘सर्वसाधारण घर’ या वाक्यात मध्यक आणि चतुर्थके लिहा, शेजारी मध्य आणि घरांची संख्या द्या, आणि दोहोंत एवढी तफावत का पडली ते एका वाक्यात सांगा.

हे लिहूनही मला पुरते समाधान नाही. मी तेव्हा अकरावे घर खोडले होते; मध्यक ते खोडत नाही, पण त्याचे पंधरा लाख वाचकाच्या नजरेआड ठेवतो, आणि त्याच बागेतून चार घरांची मजुरी येते.