प्रश्नाच्या जागी यादी

चॅटवर लोकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या माणसाला लोकांच्या घरातलं बरंच काही कळतं, आणि तेही न विचारता. कुणाचा नळ गळतोय, कुणाला कितीचा चश्मा लागलाय, कुणाच्या मुलीचा निबंध पहिल्या परिच्छेदावरच अडून बसलाय. मी कार्यालयातल्या संगणकांच्या अडचणी पाहतो. समोरचा माणूस प्रश्न विचारायला येतो, कुठून तरी मजकूर कॉपी करून आणलेला असतो, तो पेस्ट करतो, एंटर दाबतो, आणि माझ्या पडद्यावर प्रश्नाच्या जागी भलतंच काहीतरी येऊन पडतं.

परवाचाच नमुना पाहा:

पेन्सिल सेल ४
बल्ब १ (पांढरा)
काळा दोरा, सुया
बादलीला नुसतं झाकण मिळतंय का बघ
तातडीनं सांगाल का? काम अडलंय.

यातली शेवटची ओळ तेवढी माझ्यासाठी होती. वरच्या चार ओळी कुणीतरी या बाईंना पाठवलेल्या. ‘बघ’ असं मला कार्यालयात कुणी म्हणत नाही. आणि ‘नुसतं’ या शब्दात त्या बादलीचा सगळा इतिहास आला, बादली धड आहे, झाकणानं मात्र दगा दिलाय. असं काही आलं की मी लगेच उत्तर लिहीत नाही. आधी जरा वाचून घेतो. नोकरीत फुकट मिळणारं वाङ्मय तसं कमीच.

मग लिहिलं, “मॅडम, प्रश्नाऐवजी खरेदीची यादी आली आहे. एरर कॉपी करायला गेला होतात का?”

“अय्या! हो. त्या खिडकीवरच Ctrl+C दाबलं होतं की. मग हे कुठून आलं?”

प्रश्न अगदी रास्त होता. एरर यायला हवा होता तिथे बादलीचं झाकण आलं, ते कसं? विंडोजच्या साध्या, ठरीव साच्याच्या सूचना-खिडकीवर Ctrl+C दाबलं तर तिचा मजकूर खरंच कॉपी होतो. माउसनं काही निवडावं लागत नाही. पेस्ट केल्यावर शीर्षक, मजकूर आणि बटणांची नावं येतात, मध्ये आडव्या रेघांच्या ओळी असतात. ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते. पण कितीतरी प्रोग्रॅम स्वतःची वेगळी, नटवलेली खिडकी दाखवतात. तिच्यावरची अक्षरं म्हणजे नुसतं चित्र म्हणा ना. तिथे Ctrl+C दाबलं तर काहीच होत नाही. बाईंची खिडकी या दुसऱ्या जातीची निघाली.

‘काहीच होत नाही’ हेच सगळ्या घोटाळ्याचं मूळ. कॉपी झाली तरी संगणक गप्प, नाही झाली तरी गप्प. ना आवाज, ना लाल अक्षरं. आणि कॉपी झाली नाही म्हणून क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं धरून ठेवणारी संगणकातली जागा, रिकामा होतो असंही नाही. आधीचं जे काही असेल ते तिथे जसंच्या तसं राहतं. त्यात भर म्हणजे पेस्ट केल्यानंही तो रिकामा होत नाही. शाई लावलेल्या शिक्क्यासारखं ते, एकदा उठवा नाहीतर दहादा, शिक्क्यावरची अक्षरं तीच. बाईंनी दुपारी ती यादी ब्राउझरमधल्या एका निरोपातून उचलून नवऱ्याला पाठवली होती. त्यांच्या लेखी काम तिथे संपलं. संगणकाच्या लेखी काहीच संपलं नव्हतं. मधल्या वेळात त्यांनी पत्रं टंकली, फायली उघडल्या, मिटल्या, यंत्र झोपलं, पुन्हा जागं झालं. पण दुसरं काही कॉपी केलं नाही. त्यामुळे यादी जागची हलली नाही.

म्हणजे चॅटमध्ये भलतं येऊन पडलं की त्याचा अर्थ सरळ असतो: या यंत्रावर शेवटची यशस्वी झालेली कॉपी ही, आणि नंतरची एक फसली. फसण्याचे प्रकारही ठरलेले. निवडलेला मजकूर दुसरीकडे क्लिक केल्यानं सुटलेला असतो. पीडीएफमध्ये मजकूर नसून पानाचा फोटो असतो. फोनवर बोट ‘कॉपी’ऐवजी शेजारच्या शब्दावर पडलेलं असतं. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकणाऱ्यांचं दुःख आणखी वेगळं. तिथे Ctrl+C म्हणजे कॉपी नव्हेच, ते चालू असलेला प्रोग्रॅम थांबवतं. कॉपीला बऱ्याच ठिकाणी Ctrl+Shift+C लागतं. त्या मंडळींकडून कधी जुना पत्ता येतो, आणि पाठोपाठ ‘अरे, माझा प्रोग्रॅम बंद का पडला?’ हा दुसरा प्रश्न.

एवढा मुका कारभार मुळात कुणी केला, असं मनात येतंच. कट, कॉपी, पेस्ट ही आजच्या रूपातली पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ‘जिप्सी’ नावाच्या, मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्रॅमसाठी बसवली. त्याआधीच्या अशा प्रोग्रॅममध्ये मजकूर हलवणं ही बहुधा एकसलग आज्ञा असे. आज्ञा द्यायची, कुठून ते दाखवायचं, कुठे ते दाखवायचं, आणि तेवढं पुरं होईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. असं अडकवून ठेवणाऱ्या अवस्थेला ‘मोड’ म्हणतात, आणि टेस्लरना ते अजिबात खपत नसे. त्यांच्या गाडीच्या पाटीवरही NO MODES असं लिहिलेलं होतं. त्यांनी त्या एका आज्ञेचे दोन तुकडे केले. आधी उचला, मग हवं तेव्हा ठेवा. मध्ये काय वाटेल ते करा.

या मधल्या मोकळीकीनंच जगाची सोय झाली आणि बाईंची यादी माझ्याकडे आली. एका दमात उचलून ठेवायचं असतं तर शिल्लक काही राहिलंच नसतं. दोन तुकडे केले म्हटल्यावर मधल्या वेळात मजकूर धरून ठेवायला जागा लागणार, आणि ती जागा डोळ्यांआड असली की तिथे काय आहे ते माणूस विसरणार. मॅकच्या फाइंडरमध्ये ती जागा उघडून दाखवणारी Show Clipboard ही आज्ञा आजही आहे. मी ती वापरताना कुणाला पाहिलेलं नाही. जी जागा फक्त वापरायची, ती बघायला कोण जातं?

आता पाठवण्याआधी हे लक्षात का येत नाही, तेही सांगतो, कारण ‘डोळे उघडे ठेवून पाठवा’ असं बजावणारे लोक बाईंवर उगाच अन्याय करतात. चॅटची लिहायची पट्टी असते दोन-चार ओळींची. लांब मजकूर पेस्ट केला की कर्सर त्याच्या शेवटी जाऊन बसतो आणि वरच्या ओळी पट्टीतून वर सरकून दिसेनाशा होतात. बाईंनी त्याखाली ‘तातडीनं सांगाल का’ टंकलं. पट्टीत त्यांना स्वतःची ओळ दिसत होती, आणि ती बरोबरच होती. यावर उपाय एकच: पेस्ट केल्यावर Ctrl+Home दाबायचं, म्हणजे कर्सर मजकुराच्या डोक्यावर जातो आणि पहिली ओळ दिसते. सेल दिसले की थांबायचं.

बाईंना मी Win+Shift+S दाबून त्या खिडकीचा फोटो पाठवायला सांगितलं. तो आला, एरर कळला, पाच मिनिटांत काम झालं. पण हा फोटोही क्लिपबोर्डवरच जातो, आणि आधीच्या यादीला तिथून उठवतो. हे मी त्यांना सांगायला हवं होतं असं नाही, ते त्यांना संध्याकाळी कळलं. दुपारची यादी सापडेना म्हणून नवऱ्यानं ती पुन्हा मागितली. बाईंनी सवयीनं पेस्ट केलं. बिचाऱ्यानं बराच विचार करून विचारलं म्हणे, “हे कुठल्या दुकानात मिळतं?”

विंडोजमध्ये २०१८ पासून Win+V ची सोय आहे. ती एकदा चालू केली की शेवटच्या २५ कॉप्या ओळीनं दिसतात आणि त्यातली हवी ती निवडता येते. यंत्र पुन्हा सुरू केलं की टाचून ठेवलेल्या सोडून बाकीच्या जातात. उरलंसुरलं वाढतं खरं, पण निदान समोर दिसतं. मी ती यादी अधूनमधून उघडतो. आपण दिवसभरात काय उचललं ते त्या क्रमानं वाचताना आपण जरा विस्कळीत माणूस वाटतो, पण ते असो. फोनवाल्यांनी वेगळी वाट धरली. अँड्रॉइड १३ मध्ये कॉपी झाली की पडद्याच्या कोपऱ्यात तिची छोटी झलक दिसते. कॉपी झाली नाही तर झलक नाही. मला ही खरी दुरुस्ती वाटते, कारण ती नेमक्या मुकेपणावर बोट ठेवते. शिवाय थोड्या वेळानं तो मजकूर आपोआप पुसलाही जातो.

पुसलं जाणं कधी कधी फार गरजेचं. बादलीच्या झाकणावर हसता येतं. पासवर्ड येऊन पडला की हसू येत नाही. म्हणून पासवर्ड सांभाळणारे बरेचसे प्रोग्रॅम कॉपी केलेला पासवर्ड काही सेकंदांत क्लिपबोर्डवरून काढून टाकतात. तरीही एखादा माझ्याकडे येतोच. पाठवणारा घाईघाईनं निरोप खोडतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. पण तोवर तो माझ्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या सूचनेत येऊन गेलेला असतो, गटात असेल तर सगळ्यांच्याच. खोडण्यात अर्थ नाही, पासवर्ड बदलावा लागतो. मी तसं सांगतो आणि काय वाचलं त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

पत्ते या दोहोंच्या मधले. गुपित नव्हेत, पण चव्हाट्यावर मांडावेत असेही नव्हेत, आणि त्यांना उत्तर काय द्यावं ते कुणालाच कळत नाही. आमच्या विभागाच्या गटात एका गृहस्थांना विचारायचं होतं की अहवालाची शेवटची प्रत कुठल्या फोल्डरमध्ये आहे. त्याऐवजी गटात पडला एक पूर्ण पत्ता, खाली ‘दुसरा मजला, बेल बंद आहे, दार जोरात वाजवा’ अशी सूचना, आणि त्याखाली त्यांनी स्वतः टंकलेलं ‘आज मिळालं तर बरं होईल’. गृहस्थ चहाला निघून गेले. एकानं अंगठा दाखवला. दुसऱ्यानं विचारलं, किती वाजता. तिसऱ्यानं लिहिलं, मला उशीर होईल, माझ्यासाठी थांबू नका. अहवालाची प्रत ज्यांच्याकडे होती त्या ताई मात्र निघाल्याही होत्या.